पाळी थांबली आहे: आधी कोणत्या तपासण्या, आणि गोळीने आलेला रक्तस्राव काय सांगतो?

पाळी दोन-तीन महिने आली नाही की अनेक घरांत पहिला उपाय मेडिकलच्या दुकानात होतो. पाच दिवसांच्या 'पाळी येण्याच्या गोळ्या' आणल्या जातात, गोळ्या संपल्यावर दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो आणि 'आली एकदाची' म्हणून विषय मिटतो. या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टोजेन नावाचे हॉर्मोन असते. आम्ही डॉक्टरही ते देतो, पण त्याआधी काही तपासण्या करतो. त्या गोळीने शरीराला एक प्रश्न विचारला जातो. रक्तस्राव झाला किंवा झाला नाही, हे त्या प्रश्नाचे उत्तर असते. पाळी का थांबली होती, याचे उत्तर मात्र त्यात नसते. या लेखात हा फरक नीट समजून घेऊ.

तपासणी कधी करायची? तुमची पाळी पूर्वी नियमित होती आणि आता तीन महिने आलेली नाही, किंवा ती आधीपासूनच अनियमित होती आणि आता सहा महिने आलेली नाही, तर कारण शोधायला हवे. वयाची पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ज्या मुलीला पाळी आलेलीच नाही, तिच्या तपासण्यांचा क्रम वेगळा असतो. तो इथे घेतलेला नाही.

पहिली तपासणी गर्भधारणेचीच

पाळी थांबलेल्या प्रत्येक स्त्रीची पहिली तपासणी लघवीतील गर्भधारणेची असते. लग्न झाले आहे की नाही, नसबंदी झाली आहे का, वय ४५ आहे का, यावर ती अवलंबून नसते. अनेकींना या प्रश्नाचा राग येतो, आणि सोबत आई किंवा सासू असेल तर अवघडल्यासारखेही होते. म्हणून मी कारण न विचारता सरळ लघवीचा नमुना मागतो, सगळ्यांकडूनच. किट निगेटिव्ह असेल पण गेल्या दोन-तीन आठवड्यांत संबंध आलेला असेल, तर आठवडाभराने पुन्हा करायचे किंवा रक्तातून बीटा एचसीजी तपासायचे.

'गोळी घेऊन बघू, पाळी आली तर गर्भ नाही' हा हिशोब चुकीचा आहे. एके काळी डॉक्टरही असेच करत. प्रिमोडॉस नावाची हॉर्मोनची गोळी ब्रिटनसह अनेक देशांत गर्भधारणेची चाचणी म्हणून वापरली जात होती. गर्भावर दुष्परिणाम होत असावेत अशा शंकेवरून मोठा वाद झाला आणि १९७८ मध्ये ती ब्रिटनच्या बाजारातून गेली. आज दहा मिनिटांत उत्तर देणारे किट कुठल्याही दुकानात मिळत असताना त्या जुन्या पद्धतीकडे जाण्याचे कारण नाही. दुसरा गैरसमजही इथेच दूर करू. गर्भ राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. त्यात फक्त वेळ जातो आणि पुढचे निर्णय अवघड होतात.

बाळ अंगावर पीत असेल तर पाळी न येणे नैसर्गिक आहे. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने मिळणारे तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतले असेल तरी पाळी थांबते, आणि इंजेक्शन बंद केल्यावरही ती पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात. डॉक्टरांना हे न विचारता सांगा. यात खूप तपासण्या वाचतात.

रक्ताच्या तपासण्या, पण गोळ्यांच्या आधी

गर्भ नाही हे ठरले की पहिल्या फेरीत मोजक्याच रक्ततपासण्या लागतात: टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि त्यासोबत इस्ट्राडायॉल. बहुतेक वेळा एलएचही करतात. चेहऱ्यावर राठ केस किंवा खूप मुरुमे असतील तर टेस्टोस्टेरॉन. पोटाची सोनोग्राफी सोबत केली की अंडाशय आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी दिसते. लॅबच्या जाहिरातीतले वीस-पंचवीस चाचण्यांचे 'हॉर्मोन पॅकेज' या टप्प्यावर घेण्याची गरज नाही. त्यात एखादा आकडा थोडा इकडेतिकडे निघतोच, आणि मग त्याच्यामागे धावणे सुरू होते.

प्रत्येक चाचणी वेगळ्या जागेबद्दल सांगते. टीएसएच थायरॉईडबद्दल. प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे हॉर्मोन आहे. ते वाढले की पाळी थांबते. एफएसएच हा त्याच ग्रंथीने अंडाशयाला दिलेला आवाज आहे असे समजा. अंडाशय ऐकत नसेल तर ग्रंथी ओरडू लागते, म्हणजे एफएसएच खूप वाढते. ग्रंथीच गप्प असेल तर एफएसएच कमी किंवा नेहमीइतके दिसते आणि इस्ट्राडायॉल कमी असते.

प्रोलॅक्टिनबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याकडे ॲसिडिटीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते, आणि ही दोन्ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवतात. काही मानसिक आजारांवरची औषधेही ते वाढवतात. थायरॉईड कमी असेल तरी ते वाढते. सुई टोचण्याच्या भीतीनेसुद्धा आकडा थोडा चढतो. म्हणून थोडे वाढलेले प्रोलॅक्टिन पाहून लगेच मेंदूच्या एमआरआयला धावायचे नसते. आधी औषधांची यादी पाहायची, मग शांत बसून पुन्हा नमुना द्यायचा. मानसिक आजाराचे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदल करायचा. आकडा शंभरच्या वर असेल, किंवा डोकेदुखी, बाजूचे कमी दिसणे, स्तनातून दूध येणे अशी लक्षणे असतील तर एमआरआय लांबवू नये.

हे नमुने गोळ्या सुरू करण्याआधी द्यायचे. बाहेरून घेतलेली हॉर्मोन्स पिट्युटरीचे काम दाबतात, विशेषतः इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या. मग एफएसएचचा आकडा खोटा दिलासा देऊ शकतो. गोळ्या आधीच घेऊन झाल्या असतील तर त्या कोणत्या, किती दिवस आणि कधी संपल्या हे सांगा. रिकामे पाकीट सोबत आणलेत तर उत्तम. पाळीच थांबलेली असल्यामुळे 'दुसऱ्या दिवशीचे रक्त' वगैरे वाट पाहण्याची गरज नसते, नमुना कुठल्याही दिवशी चालतो.

गोळी शरीराला कोणता प्रश्न विचारते?

नेहमीच्या महिन्यात अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर जाड करते. अंडे बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन तयार होते आणि ते या अस्तराला स्थिर ठेवते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येते, अस्तराचा आधार जातो आणि ते सुटून बाहेर पडते. तीच पाळी.

गोळीची चाचणी या शेवटच्या पायरीची नक्कल करते. सहसा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज एक, पाच ते दहा दिवस देतात. नॉरएथिस्टेरॉनही वापरले जाते. गोळ्या चालू असताना रक्तस्राव अपेक्षित नसतो. शेवटच्या गोळीनंतर बहुतेक दोन ते सात दिवसांत तो येतो. आम्ही साधारण दोन आठवडे वाट पाहतो. यकृताचा आजार, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, स्तनाचा कर्करोग यांपैकी काही झालेले असेल तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

आता उत्तराकडे येऊ. रक्तस्राव व्हायला दोन गोष्टी लागतात: अस्तर तयार झालेले असणे, म्हणजे शरीरात पुरेसे इस्ट्रोजेन असणे, आणि बाहेर यायला वाट मोकळी असणे. शेतात पीकच नसेल तर विळा चालवून काय हाती येणार? म्हणून चांगला रक्तस्राव झाला तर डॉक्टरांना समजते की इस्ट्रोजेन आहे, गर्भाशय प्रतिसाद देते आहे, वाट बंद नाही. अडचण बहुधा अंडे बाहेर न पडण्याची आहे. पीसीओएसमध्ये साधारण हेच चित्र असते. त्यात अंडे तयार होऊन बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन येत नाही, आणि इस्ट्रोजेन एकटेच अस्तर वाढवत राहते.

या उत्तरात काय नाही तेही पाहा. अंडे बाहेर पडू लागले असे त्यातून कळत नाही. पुढच्या महिन्यात पाळी आपोआप येईल असेही नाही. आणि अंडाशय निरोगी आहे, याची खात्री तर मुळीच नाही.

एक उदाहरण सविस्तर

पुढचे उदाहरण एका विशिष्ट रुग्णाचे नाही, पण अशी कहाणी दवाखान्यात नेहमी ऐकू येते. समजा, ३३ वर्षांची एक स्त्री आहे. सहा वर्षांचा एक मुलगा, बँकेत नोकरी. पाळी आधी नियमित, मग चाळीस-पन्नास दिवसांनी, मग बंद. तिसऱ्या महिन्यात तिने दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, चार दिवस रक्तस्राव झाला. पुन्हा तीन महिने काही नाही. पुन्हा गोळ्या, या वेळी दोन दिवस फक्त डाग. आणखी तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा घेतल्या, तेव्हा काहीच झाले नाही. तेव्हा ती दवाखान्यात आली. नऊ महिने गेले होते.

विचारल्यावर ती सांगते की रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होते आणि घामाने जाग येते. पंखा वाढवला की नवरा कुरकुरतो. कामाचा ताण असेल असे तिला वाटत होते. तिच्या आईची पाळी ३८ व्या वर्षीच गेली होती, पण हे तिला कुणी महत्त्वाचे म्हणून विचारले नव्हते.

लघवीची चाचणी निगेटिव्ह. टीएसएच २.८, प्रोलॅक्टिन ११, दोन्ही ठीक. सोनोग्राफीत अस्तर जेमतेम ३ मिलिमीटर. एफएसएच ६८, इस्ट्राडायॉल १४. तिला आणखी एकदा गोळी देऊन पाहण्यात अर्थ उरलेला नाही, कारण प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच आले आहे. पिट्युटरी ओरडते आहे आणि अंडाशय ऐकत नाही. एका आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, म्हणून पाच आठवड्यांनी एफएसएच पुन्हा केले: ७४. चाळिशीच्या आत पाळी थांबलेली असताना एफएसएच २५ च्या वर राहिले तर अंडाशयाचे काम अकाली मंदावले आहे असे धरतात. तिचे निदान तेच.

आता तिचे तीन गोळ्यांचे प्रसंग पुन्हा वाचा. पहिल्या वेळी चार दिवस रक्तस्राव झाला, कारण अंडाशय तेव्हा अधूनमधून इस्ट्रोजेन तयार करत होते. दुसऱ्या वेळी डाग, कारण अस्तर पातळ झाले होते. तिसऱ्या वेळी सुटून यायला काही उरलेच नव्हते. पहिल्या रक्तस्रावाला 'सगळे ठीक आहे' असे समजणे हीच इथली फसगत होती. त्याच आठवड्यात एफएसएच केले असते तर ते बहुधा वाढलेलेच दिसले असते.

आणि हा अपवाद नाही. वैद्यकीय पुस्तकांत दिलेल्या माहितीनुसार अंडाशय अकाली थांबलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनाही या गोळीनंतर रक्तस्राव होऊ शकतो. वजन घटणे, अति व्यायाम, ताण किंवा वाढलेले प्रोलॅक्टिन या कारणांनी पाळी थांबलेल्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्त्रियांनाही होतो. उलट बाजूने, इस्ट्रोजेन असूनही २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना रक्तस्राव होत नाही. त्यामुळे काही डॉक्टर आता ही चाचणी निदानासाठी करतच नाहीत. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीवर भागवतात. माझ्या मते ती पूर्ण टाकून देण्यासारखी नाही. जिथे एफएसएच, प्रोलॅक्टिन नेहमीइतके आहे आणि अस्तर जाड दिसते आहे, तिथे ती निदानाला दुजोरा देते आणि साचलेले अस्तरही बाहेर काढते. पण रक्ताच्या अहवालांऐवजी तिच्यावर विसंबू नये.

रक्तस्राव झालाच नाही तर?

सर्वात आधी गर्भधारणेची चाचणी पुन्हा. ती निगेटिव्ह असेल तर दोनच शक्यता राहतात: अस्तर तयारच झाले नाही, किंवा अस्तराला अथवा बाहेर येण्याच्या वाटेला इजा झाली आहे.

पहिल्या शक्यतेत एफएसएच रस्ता दाखवते. ते वाढलेले असेल तर वरच्या उदाहरणासारखे अंडाशयाकडे बघायचे. ते कमी किंवा नेहमीइतके आणि इस्ट्राडायॉल कमी असेल तर मेंदूकडून येणारा आदेश थांबला आहे. कमी खाऊन झपाट्याने वजन उतरवलेल्या मुली, मॅरेथॉनसाठी पळणाऱ्या, परीक्षेच्या वर्षात जेवण सुटलेल्या, अशांत हे दिसते. बाळंतपणात खूप रक्त गेले, नंतर दूधही आले नाही आणि पाळीही परतली नाही, असा इतिहास असेल तर पिट्युटरी ग्रंथीलाच इजा झालेली असू शकते. ही गोष्ट वर्षानुवर्षे कुणी जोडून पाहत नाही, म्हणून ती स्वतःहून सांगा.

दुसऱ्या शक्यतेत महत्त्वाचा प्रश्न असा: पाळी कशानंतर थांबली? गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर पिशवी साफ केली आणि तेव्हापासून पाळी नाही, तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोगही असे करतो, आणि त्यात खोकला असेलच असे नाही. हे पडताळायला पूर्वी २१ दिवस इस्ट्रोजेन आणि त्यातले शेवटचे दहा दिवस प्रोजेस्टोजेन देत. एवढे तयार करून दिल्यावरही रक्तस्राव नाही, तर दोष गर्भाशयात किंवा वाटेत. आता बऱ्याच ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ थेट दुर्बिणीने आत पाहतात, आणि चिकटलेले भाग त्याच वेळी सोडवता येतात. दर महिन्याला ठरलेल्या दिवसांत ओटीपोट दुखते पण बाहेर काहीच येत नाही, हे वाट अडल्याचे लक्षण आहे. अशा वेळी गोळ्यांचे प्रयोग न करता लगेच दाखवा.

एकच लक्षण, उलटे धोके

कारण शोधण्याचा आग्रह यासाठी की दोन स्त्रियांची पाळी सारखीच थांबलेली असली तरी त्यांना असलेले धोके एकमेकांच्या विरुद्ध असतात. पीसीओएसमध्ये इस्ट्रोजेन आहे, पण त्याला लगाम नाही. अस्तर वर्षानुवर्षे वाढत राहिले तर त्यात कर्करोगाकडे झुकणारे बदल होऊ शकतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तरी अस्तर बाहेर पडेल अशी व्यवस्था डॉक्टर करतात. इथे प्रोजेस्टोजेनची गोळी खरोखर उपचार आहे.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीमध्ये इस्ट्रोजेनच नाही. तिची हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराची शक्यता वाढते. तिला दर तीन महिन्यांनी नुसते प्रोजेस्टोजेन देऊन काही साधत नाही. तिला इस्ट्रोजेन लागते, आणि गर्भाशयाच्या सुरक्षेसाठी सोबत प्रोजेस्टोजेन, साधारण पन्नाशीपर्यंत. 'हॉर्मोन घेऊ नका, कॅन्सर होतो' असे शेजारी सांगतील. पण तिला जे दिले जाते ते तिच्या वयाच्या शरीरात एरवी असायला हवे होते तेवढेच. सोबत हाडांची घनता, थायरॉईडच्या अँटिबॉडी, गुणसूत्रे आणि फ्रॅजाइल एक्सशी संबंधित जनुक यांची तपासणी होते. हे पुढचे काम स्त्रीरोगतज्ज्ञांचे. दुसरे मूल हवे असेल तर ते लगेच बोला. अशा अंडाशयातूनही क्वचित अंडे बाहेर पडते आणि थोड्या स्त्रियांना आपोआप दिवस राहतात; म्हणून मूल नको असेल तर 'आता पाळीच नाही' असे समजून काळजी घेणे सोडू नका. हे पीसीओएसलाही लागू आहे, कारण अंडे पाळीच्या आधी बाहेर पडते.

डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या आपोआप आलेल्या पाळीची तारीख वेगळी लिहा आणि गोळीने आलेल्या रक्तस्रावांच्या तारखा वेगळ्या. 'शेवटची पाळी मागच्या महिन्यात' असे सांगितले आणि ती गोळीने आलेली असेल, तर ऐकणाऱ्याचा सगळा हिशोब तिथेच बिघडतो. चाचणीसाठी गोळ्या दिल्या असतील तर शेवटची गोळी कधी घेतली, रक्तस्राव कितव्या दिवशी सुरू झाला, किती दिवस टिकला आणि पॅड भिजले की नुसते डाग पडले, हेही टिपून ठेवा. अनेक महिन्यांनी जाड अस्तर सुटते तेव्हा पहिले दोन दिवस जास्त जाऊ शकते. पण तासाला एक पॅड भिजत असेल आणि असे दोन-तीन तास चालू राहिले, किंवा उभे राहिल्यावर चक्कर येऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.